केसरीनाथचं उशिराचं हसू

"बुधवारी माझ्यावर म्हैस घालू नको," केसरीनाथ म्हणाला.

मान वर न करताच म्हणाला. एक लूमवाला नुकताच भांडून गेला होता. त्याचं बिल टेबलावर पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होतं, आणि केसरीनाथ त्यावर पेपरवेट ठेवता ठेवता, जणू पेपरवेटविषयीच काही सांगावं तसा हे बोलला. मी बशीत चहा ओतला होता, तो तसाच राहिला. विजेच्या ऑफिसात माझं टेबल केसरीनाथ म्हात्रेच्या टेबलाला लागून आहे. माझ्याकडे नवीन जोडण्या, त्याच्याकडे बिलांची दुरुस्ती. बिल जास्त आलं की भिवंडीतला माणूस तरातरा आमचा जिना चढतो आणि थेट केसरीनाथसमोर उभा राहून 'ये क्या लिखा है, लूम तो बंद थी' म्हणून ओरडतो. केसरीनाथ त्याला 'देखते हैं' म्हणतो. मराठी माणसाला 'बघू' म्हणतो. आणि खरोखरच बघतो, म्हणून वर येताना आपटलेले पाय खाली जाताना जरा हळू वाजतात. असा हा माणूस बुधवारी, एकतीस मेला, रिटायर होणार होता. ऑफिसातल्या कुठल्याही निरोप समारंभात मुख्य भाषण चांगदेव रोकडेचं, म्हणजे माझं, हे इतकं ठरून गेलेलं होतं की मला तसं सांगायलाही कोणी येत नसे. मोरू शिपाई समोसे किती मागवायचे ते विचारायला आला की मी समजायचं.

"कुठली म्हैस?" मी विचारलं.

"सावळारामची," केसरीनाथ म्हणाला. मग त्यानं वर बघितलं. "म्हंजे तुझी. ती तुझ्यासाठी ठेव. पुढल्या साली तुला लागंल."

एवढं बोलून तो पुन्हा कामाला लागला. मी चहा प्यायलो, तो निवला होता. जिन्याखाली कोणीतरी स्कूटर सुरू करायच्या मागे लागलं होतं आणि ती सुरू होत नव्हती. मला एकदम उघड्यावर पडल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी ही गोष्ट कोणाला कळत नाही असं धरून चाललो होतो, आणि या माणसाला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. माहीत असणारच होती. म्हैस माझ्यामागे लागली तेव्हा बांधावरून बघणारा तोच होता.

तेव्हा आम्ही दोघे मीटर रीडर होतो, नवे कोरे, सायकलवर फिरणारे. वडपे गावाच्या बाजूला एका शेतातल्या पंपाचं रीडिंग घ्यायचं होतं. नुकती व्यालेली म्हैस तिथं बांधलेली होती, असं आम्ही समजलो. ती बांधलेली नव्हती. मी वही सोडली, चप्पल सोडली आणि पंपघराच्या पत्र्यावर चढलो. मे महिन्याचा पत्रा. बसवेना, उतरवेना. शेतकऱ्याची बाई लांबून ओरडून सांगत होती, "ती काय न्हाय करत वो, तिला खाकी कापड आवडत न्हाय." खाकी पँट तर अंगावर होती, तिचं काय करायचं ते बाईनं सांगितलं नाही. शेवटी मी फटीतून डोकं खाली घालून आत मीटर बघितला आणि वरूनच आकडे ओरडून सांगितले, आणि केसरीनाथनं बांधावर बसून ते लिहून घेतले. लिहिताना तो हसत नव्हता. आम्ही सायकली काढून पार हमरस्त्याला लागलो तेव्हा तो अचानक सायकलवरून उतरला, कडेला बसला आणि पोट धरून हसायला लागला.

ही गोष्ट मी सावळारामला दिली. सावळाराम आमच्या कॅश काउंटरला होता. त्याचा निरोप आला तेव्हा मी नेहमीसारखा टेबलाटेबलाशी गेलो, सावळारामचं काही गमतीदार आठवतं का म्हणून विचारत. कोणालाच आठवेना. चांगला माणूस आहे, एवढंच सगळे म्हणाले. उभा जन्म काउंटरच्या जाळीमागे बसून गेलेला माणूस. त्याच्यावर एक म्हैससुद्धा कधी धावून आली नव्हती. आणि विनोदाशिवाय निरोपाचं भाषण म्हणजे शोकसभा होते, हे मला तोवर पुरतं कळलेलं होतं. मी सावळारामला बाजूला घेतलं, म्हटलं, जरा गंमत घालू का? तो लाजला, म्हणाला, घाला की. भाषणात मी त्याला सुरुवातीला काही महिने रीडिंगला घातलं आणि पत्र्यावर चढवलं. हॉल असा काही हसला की साहेबांचा चष्मा उतरला. सावळारामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर तो कधीही भेटला, पेन्शनच्या कामाला आला, की मोरूला जवळ बोलावून म्हशीची गोष्ट सांगायचा. पहिल्यांदा माझ्याकडे चोरून बघत सांगायचा. पुढं पुढं नुसतीच सांगायला लागला. मग त्यात भर पडली. म्हशीचं एक शिंग मोडकं झालं, आणि ते मोडकं शिंग इतकं बरोबर होतं की मलाच वाटलं, आपण ते विसरलो होतो का.

लोकांना वाटतं भाषण म्हणजे बोलणं. निरोपाचं भाषण हे खरं तर गाळणं असतं. माणसाची हुकलेली बढती त्यात येता कामा नये, आजार येता कामा नये, पिणं तर नाहीच. भिंतीवरचं घड्याळ भेट देतात, त्यावरचा विनोद मी कधी करत नाही, कारण तो साहेब करतात. 'शेवटचा' हा शब्द नको आणि 'विश्रांती'ही नको, विश्रांती म्हटलं की माणसाचा चेहरा पडतो. सुरुवातीलाच एक हसू लागतं, तेही सगळ्यांचं मिळून. त्यासाठी माझ्याकडे एक जून आहे. आमच्या वयाच्या माणसांना जन्मतारीख नव्हतीच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ज्याला त्याला एक जून दिली, आणि त्यामुळे आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं एकतीस मेला रिटायर होतात. 'या खात्यातल्या सगळ्यांच्या आयांनी एकाच दिवशी बाळंत व्हायचं ठरवलं होतं,' असं मी म्हणतो. हॉल सैल होतो. मग माणूस नोकरीला कसा लागला ते. मग गोष्ट. गोष्टीत तो धडपडला तरी चालेल, पण कोणीही धडपडलं असतं अशा जागी धडपडला पाहिजे. मग मी थांबतो, आवाज खाली आणतो आणि 'पण मित्रहो' म्हणतो. त्या 'पण'नंतर त्याचं खरं काम सांगायचं, थोडकं. त्यानंतर वहिनींकडे वळायचं. त्या पहिल्या रांगेत नव्या साडीत बसलेल्या असतात आणि गोष्ट चालू असताना मी त्यांच्याच तोंडाकडे बघत असतो; त्यांना लागलं तर विनोद चुकला. समोसे निवायच्या आत खाली बसायचं.

यातलं एक मला चंद्रानं शिकवलं, म्हणजे वहिनींच्या तोंडाकडे बघायचं. चंद्रा माझी बायको. ती होती तेव्हा मी भाषण आधी तिला म्हणून दाखवायचो. ती तांदूळ निवडत बसायची आणि मधेच म्हणायची, "हे काढा, बाईमानसाला लागंल." मी वाद घालायचो आणि काढायचो. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगी कलावती नाशकाला तिच्या संसारात आहे. पत्रं येतात, दिवाळीत ती येते, चार दिवस खोलीला आवाज येतो. एरवी कामतघरच्या माझ्या चाळीत आवाज फक्त लूमचा. भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना. त्या खटखटीत माणूस स्वतःशी बोलला तरी त्याला ऐकू येत नाही, ही एक सोय आहे.

केसरीनाथनं मला म्हशीविषयी सांगितलं त्या संध्याकाळी मी घरी आलो, भात टाकला आणि हिशेब लावत बसलो की माझ्याकडे काय उरलंय. म्हैस गेली. कोन गावातल्या एका लग्नात तात्पुरत्या जोडणीचा मीटर बघायला गेलो तेव्हा कोणीतरी मला नवरीचा मामा समजून टॉवेल-टोपी दिली आणि अक्षता पडेपर्यंत मी पुढं उभा राहिलो, कारण त्यांचं मन मोडवेना, आणि त्या गर्दीत मला कोणी आडनाव विचारलं नाही. ती गोष्ट राघो लाइनमनला गेली. आणि मिठाचा डबा जानूला.

मिठाच्या डब्याचं दुखणं वेगळं आहे. मला जेवणात मीठ कमी लागायचं. म्हणजे पुरेसं असलं तरी कमीच वाटायचं, आणि मी ते रोज बोलून दाखवायचो. एक दिवस सकाळी चंद्रा काही न बोलता डबा हातात देऊन आत गेली. दुपारी सगळ्यांसमोर मी डबा उघडला. वरच्या पुडात भात, मधल्यात आमटी, आणि खालचं पूड काठोकाठ मिठानं भरलेलं. वर बोट फिरवून सारखं केलेलं. केसरीनाथनं पुढं वाकून बघितलं, 'बघू' म्हणाला, त्यातली एक चिमूट उचलली आणि आपल्या भाकरीवर टाकून खाल्ली. मग आपल्या डब्यातली अर्धी सुकट माझ्या झाकणात काढली. सगळे हसले. तो हसला नाही. आम्ही हात धुऊन टेबलाशी येऊन बसलो, मी पेन उघडलं, तेव्हा शेजारून ते हसू आलं.

चंद्रा गेल्यावर दोनेक वर्षांनी जानूचा निरोप होता. जानूजवळही काही नव्हतं आणि माझ्याजवळही थोडंच उरलेलं होतं. मी मिठाचा डबा जानूच्या बायकोच्या नावावर केला. पुढच्या रांगेत ती बाई पदर तोंडाशी धरून लाजली, इतकी छान लाजली की बघत राहावं. लोक टाळ्या वाजवत होते. आणि त्या क्षणी मला वाटलं की मी चंद्राला दुसऱ्याच्या घरी पाठवून दिलं. भाषण मी पुरं केलं. 'पण मित्रहो' जरा लवकर म्हणालो, एवढंच. त्यानंतर मी जेवताना मिठाविषयी काही म्हटलेलं नाही. म्हणायला समोर कोणी नव्हतं हे खरं, पण मनातल्या मनातही म्हटलं नाही.

तेव्हा प्रश्न असा होता. केसरीनाथसाठी मला खरी, त्याची स्वतःची गोष्ट हवी होती, आणि ती माझ्याजवळ नव्हती. दुसरं म्हणजे पुढल्या एकतीस मेला माझा नंबर होता, आणि माझ्या गोष्टी माझ्या म्हणून ओळखणारा एकच माणूस या ऑफिसात होता, तो बुधवारी चालला होता. नंतर माझ्याविषयी कोणीतरी टेबलाटेबलाशी जाऊन विचारील, रोकड्यांचं काही गमतीदार आठवतं का, आणि लोक म्हणतील, नाही बुवा, तेच सगळ्यांच्या गोष्टी सांगायचे. चांगला माणूस आहे.

पुढचे दिवस मी केसरीनाथला बघत बसलो. शेजारच्या माणसाला बघत बसणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. तो येतो, ग्लास पालथा घातलेला असतो तो उताणा करतो. टेबलावरचा छोटा पंखा तक्रार घेऊन आलेल्याच्या तोंडाकडे वळवतो, स्वतःकडे नाही. मे महिन्यात त्याच्या गावाहून, कोनहून, येताना करवंदं आणतो, कागदात बांधून, आणि कोणाला दिली असं न वाटता सगळ्यांच्या टेबलावर ती असतात. हे सगळं भाषणाच्या 'पण मित्रहो'नंतरचं होतं. 'पण'च्या अलीकडे घालायला काही मिळेना. त्याला विचारलं, "तुझ्या बाबतीत कधी काही गंमत झालीच नाही का रे?" त्यानं जरा विचार केला. "जाली असंल," म्हणाला. "पन ती बघायला तू व्हतास ना. मी कसा सांगू?" मला त्याचा राग आला. खरं म्हणजे माझाच आला, कारण मी होतो, रोज होतो, आणि बघितलं नव्हतं. मला माणसं दिसायला लागतात ती त्यांच्या रिटायरमेंटच्या महिन्यात. त्याआधी मी बोलत असतो आणि ती ऐकत असतात.

मंगळवारी संध्याकाळी मी खोलीत उभा राहून भाषण म्हणायला लागलो. कागदावर मी लिहीत नाही, उभं राहून म्हणतो, खुंट्यांवर टांगलेल्या शर्टांना. 'सन्माननीय अध्यक्ष, आजचे सत्कारमूर्ती, कौसल्यावहिनी.' एक जूनचा विनोद केला. आणि तेवढ्यात लाइट गेली. भिंतीपलीकडचे लूम एकेक करून थांबले. भिवंडीत लाइट जाते तेव्हा अंधारापेक्षा ती शांतता आधी अंगावर येते. आमच्या खात्याची ती कृपा, त्याबद्दल शेजारी मला येताजाता टोमणे मारतात. त्या शांततेत मला जाणवलं की मी पुढचं वाक्य बोललेलो नाही. विनोद करून थांबलोय. शर्ट हसणार नव्हते, तरी मी थांबलो होतो, आणि हे थांबणं नेहमीचं होतं, अंगात मुरलेलं. हॉल हसून संपतो, लोक खुर्च्या सारख्या करतात, साहेब रुमालानं तोंड पुसतात, आणि तरी मी पुढं जात नाही. लोकांना वाटतं, मुरलेला वक्ता आहे, दम खातो. मी कशासाठी थांबत होतो? मागच्या रांगेतून, खिडकीजवळून, एकट्या माणसाचं एक हसू यायचं राहिलेलं असायचं म्हणून. ते आलं की मग मी पुढं जायचो. वर्षानुवर्षं. सावळारामच्या वेळी, राघोच्या वेळी, जानूच्या वेळीसुद्धा. नाही, जानूच्या वेळी आलं नव्हतं. जानूच्या वेळी मी मिठाचा डबा सांगितला, हॉल हसला आणि मागून काही आलं नाही, आणि मी थांबून थांबून 'पण मित्रहो' म्हणालो. लवकर म्हणालो असं मला वाटत आलं होतं. मी लवकर म्हणालो नव्हतो. केसरीनाथ हसला नव्हता.

मी कॉटवर बसलो. अंधारात बसून राहिलो, लाइट येईपर्यंत.

बुधवारी चार वाजता मीटर टेस्टिंगच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. फळ्यावर मोरूनं खडूनं फुलं काढली होती, 'निरोप समारंभ' लिहिलं होतं. रिटायर झालेलेही बरेच आले होते. सावळाराम दुसऱ्या रांगेत, धुतलेल्या शर्टात. केसरीनाथ टेबलामागे साहेबांच्या शेजारी बसला होता, गळ्यात हार, आणि त्या हाराचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. कौसल्यावहिनी पहिल्या रांगेत. त्या कोनहून आल्या होत्या. त्यांना मी एकदोनदा लांबून पाहिलेलं. साहेबांनी घड्याळावरचा विनोद केला. मग मी उठलो.

एक जून म्हटलं, हॉल सैल झाला. केसरीनाथ कसा लागला ते सांगितलं. मग म्हणालो, "दरवेळी मी इथं एक गोष्ट सांगतो. आज माझ्याजवळ गोष्ट नाही. केसरीनाथची गंमत कोणाला आठवत नाही, मलाही नाही. पण एक सांगतो. इतकी वर्षं तुम्ही माझ्या विनोदांना हसलात, त्याबद्दल आभार. तुमचं हसू विजेच्या बिलासारखं, वेळेवर येतं. केसरीनाथचं हसू दुरुस्त करून आलेल्या बिलासारखं. उशिरा येतं, पण बरोबर असतं." लोक हसले. "तो आधी बघतो. ही गंमत खरी आहे का, कोणाच्या नावावर आहे, आकडा बरोबर आहे का. सगळं तपासतो आणि मग मंजूर करतो. तुम्हाला वाटतं मी मधे दम खातो. मी दम खात नाही. मी मंजुरीची वाट बघत असतो."

हॉल पुन्हा हसला, आणि मग एक विलक्षण गोष्ट झाली. सगळे एकदम थांबले आणि केसरीनाथकडे बघायला लागले. सगळा हॉल वाट बघत होता. पंखा फिरत होता. केसरीनाथ खाली मान घालून हारातली एक पाकळी सोडवत होता. मी वहिनींच्या तोंडाकडे बघितलं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या आणि ओठ दाबून धरले होते. आता येणार नाही असं वाटायला लागलं, मी 'पण' म्हणायला तोंड उघडलं, आणि ते आलं. आधी खांद्यांत, मग हारात, मग बाहेर. त्याच्यामागून सगळा हॉल. मी पुढचं बोललो, पंखा तक्रारीवाल्याकडे वळवण्याचं, करवंदांचं. "पण मित्रहो," मी म्हणालो, "पुढच्या समारंभांना विनोद झाल्यावर मी कोणासाठी थांबू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही." ते वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते आलं आणि मी खाली बसलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत लगेच.

सत्काराला उत्तर द्यायला केसरीनाथ उठला. त्याच्याकडून कोणी दोन वाक्यांपलीकडे अपेक्षा केलेली नव्हती. "चांगदेव बोलला त्यातला निम्मा खरा हाय," तो म्हणाला. "आता एक दुरुस्ती करून जातो, माझा कामच ता. सावळारामची म्हैस सावळारामची न्हाय. ती चांगदेवची हाय. मी बांधावं व्हतो."

हॉलमध्ये हशा फुटला. केसरीनाथही विनोदी निघाले, म्हणून लोक एकमेकांना टाळ्या द्यायला लागले. साहेब म्हणाले, "शेवटच्या दिवशी क्लेम बदलताय." मी सावळारामकडे बघितलं. तो हसत होता, पण हसता हसता त्याचं तोंड मधेच राहिलं होतं. त्याच्या शेजारी त्याचा लहान नातू बसला होता आणि तो आजोबाच्या बाहीला ओढून काहीतरी विचारत होता. केसरीनाथ माझ्याकडे बघत उभा होता, आता तू बोल, अशा अर्थानं. माझी म्हैस त्यानं परत आणून दारात बांधली होती. मी फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही नाही," मी बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणालो. "म्हैस सावळारामचीच. शिंग मोडकं होतं, मला त्यांनीच सांगितलं."

सावळाराम नातवाकडे वळला. केसरीनाथ जरा वेळ उभा राहिला, मग 'बघू' म्हणाला आणि खाली बसला. लोकांना तोही विनोदच वाटला. मला फार एकटं वाटलं, आणि त्यात कोणाची चूक नव्हती.

आमच्याकडे रिटायर झालेल्याला घरापर्यंत पोचवायची रीत आहे. त्यानं एकट्यानं शाल-नारळ घेऊन रिक्षानं जायचं, हे बरं दिसत नाही. ऑफिसच्या जीपमध्ये केसरीनाथ, वहिनी, मी, मोरू आणि दोघेतिघे, मांडीवर घड्याळ. कल्याण रोडला गर्दी होती. केसरीनाथ बाहेर बघत होता, मीही बाहेर बघत होतो. कोनला उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. त्याच्या सुनेनं दारात ओवाळलं, भाकरतुकडा टाकला. आम्ही पडवीत बसलो. एवढ्या वर्षांत मी या घरात आलो नव्हतो. त्यानं बोलावलं नव्हतं असं नाही, दर होळीला बोलावायचा. मी 'बघू' म्हणायचो, आणि मी काही बघणारा नव्हे.

ताटं आली. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण. कौसल्यावहिनी वाढता वाढता माझ्यासमोर थांबल्या.

"चांगदेवभावजी ना तुमी? म्हशीवाले?"

मोरू हसला. "म्हैस सावळारामची हो वहिनी," तो म्हणाला.

"कोन सावळाराम?" वहिनी म्हणाल्या. "आमच्या घरान ती यांचीच हाय. पत्र्यावं चढलेले ते हे. आमची पोरं ल्हान व्हती तवापासून ऐकतान. आन आमच्या गावच्या लग्नान मामा बनून उभे ऱ्हायलेले ते पन हेच." त्यांनी पळी भांड्यात ठेवली. "आन आजून बी कवा कालवनान मीठ जास्त पडला का नातवंडा म्हनतान, आज चंद्राआजीचा डबा जाला."

मी ताटाकडे बघत राहिलो. चंद्राचं नाव मी कितीतरी वर्षांत दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कलावतीसुद्धा 'आई' म्हणते. आणि इथं, ज्या घरात ती कधी आली नाही त्या घरात, तिला न पाहिलेली मुलं तिला आजी म्हणत होती, आणि तिचा डबा तिच्याच नावावर होता. मी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, खाल्ली. सगळे आपापल्या ताटाशी होते. केसरीनाथ माझ्या शेजारी, ऑफिसातल्यासारखाच, डाव्या हाताला.

"मीठ बराबर हाय ना, भावजी?" वहिनींनी विचारलं.

"थोडं कमी आहे," मी म्हणालो.

वहिनी हसल्या, मोरू हसला, दारातली सून हसली. वहिनी मीठ आणायला आत गेल्या. सगळे पुन्हा जेवायला लागले, कोणीतरी पाणी मागितलं, जीपचा ड्रायव्हर आपलं ताट घेऊन पायरीवर बसला. मी घास हातात धरून थांबलो होतो. शेजारी केसरीनाथ खाली मान घालून भाकरी चुरत होता, आणि मला माहीत होतं की अजून यायचंय.

मग ते आलं.